पेशीतली 'अस्सल बरहुकूम' नक्कल

गेल्या महिन्यात या सदराच्या एका वाचकाचे पत्र आले. त्यांच्या वडिलांना ४६व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. आत्याला गर्भाशयाच्या अस्तराचा झाला, आणि आता थोरल्या भावाला ४१व्या वर्षी पुन्हा आतड्याचाच निघाला आहे. पत्राच्या शेवटी ते लिहितात, "आमच्या घरात कोणी तंबाखू खात नाही, दारूला शिवत नाही. मग डॉक्टरसाहेब, चूक होते तरी कुठे?"

पत्रलेखकाने 'चूक' हा शब्द सहज वापरला असेल. पण अशा काही घराण्यांच्या बाबतीत तो अगदी नेमका शब्द आहे. चूक होते ती नक्कल करण्यात, आणि त्याहीपेक्षा ती चूक पकडण्यात. आज त्याविषयीच सांगणार आहे. विषय जरा खोलातला आहे, पण तो समजला तर पुढे कोणती तपासणी करायची आणि का, हे आपोआप समजते.

जमिनीच्या जुन्या कागदाची नक्कल ज्यांनी सरकारी कचेरीतून काढली आहे, त्यांनी तिच्या तळाशी दोन सह्या पाहिल्या असतील. एक 'नक्कल करणार' याची आणि दुसरी 'रुजवात घेणार' याची. पहिला कारकून उतरवून काढतो, दुसरा ती मूळ कागदाशी ताडून पाहतो. मगच 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा पडतो. आपल्या प्रत्येक पेशीत हेच दोन कारकून आहेत, आणि दोघांचे काम वेगळे आहे.

पेशीच्या केंद्रकात डीएनएचे लांबलचक धागे असतात. पिळलेल्या दोरीच्या शिडीसारखी त्याची रचना आहे. शिडीच्या प्रत्येक पायरीवर दोन अक्षरे समोरासमोर बसतात. अक्षरे चारच आहेत: ए, टी, जी आणि सी. ए समोर टी आणि जी समोर सी, असा जोडीचा पक्का नियम. आईकडून आलेला आणि वडिलांकडून आलेला असा दोन्ही वाटा धरला तर एका पेशीत सुमारे ६०० कोटी पायऱ्या होतात. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी ही शिडी मधोमध उसवते आणि प्रत्येक अर्ध्या भागासमोर नवा अर्धा भाग रचला जातो. म्हणजे एका विभाजनासाठी १२०० कोटी अक्षरे नव्याने बसवावी लागतात. हे काम साधारण आठ तासांत उरकते. आतड्याचे आतले अस्तर तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते. तेथे ही नक्कल जन्मभर अखंड चालू असते.

उतरवून काढण्याचे काम पॉलिमरेझ नावाचे विकर करते. त्याला आपण नक्कलनवीस म्हणू. समोरच्या जुन्या धाग्यावर जी दिसला की तो सी उचलून बसवतो, ए दिसला की टी. त्याची पारख मुख्यतः आकारावर चालते. बरोबर जोडी त्याच्या मुठीत नेमकी मावते आणि मूठ मिटते; चुकीची जोडी नीट मावत नाही. तरीही लाखभर अक्षरांमागे एखादे चुकीचे अक्षर बसतेच. लाखात एक ही चूक कोणाही कारकुनाला भूषणावह वाटेल. पण हिशेब करून पाहा. १२०० कोटी अक्षरांत लाखाला एक म्हणजे प्रत्येक विभाजनात एक लाख वीस हजार चुका! अशी नक्कल दोन-चार पिढ्यांतच वाचण्याजोगी राहणार नाही. प्रत्यक्षात निरोगी पेशीत एका विभाजनामागे अशा जेमतेम एक-दोन चुका उरतात. बाकीच्या कुठे जातात?

पहिली चाळणी नक्कलनविसाच्या स्वतःच्याच हातात आहे. समजा, जी समोर सी बसायचा तेथे टी येऊन बसला. ही जोडी थोडी वाकडी बसते. त्यामुळे नव्या धाग्याचे टोक जुन्या धाग्याला घट्ट चिकटत नाही, किंचित उचललेले राहते. अशा सैल टोकावर पुढचे अक्षर जोडणे विकराला जड जाते आणि त्याचा वेग एकदम मंदावतो. त्या क्षणभराच्या अडखळण्यात ते सैल टोक सरकून त्याच विकरावरच्या दुसऱ्या खाचेत जाऊन पडते. ही खाच पहिलीपासून एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी अंतरावर आहे. तिचे काम एकच, टोकाचे अक्षर कापणे. टी कापला जातो, टोक परत पहिल्या जागी येते आणि आता सी बसतो. टंकलेखकाचे बोट चुकीच्या कळेवर पडले की तो लगेच एक घर मागे येऊन अक्षर दुरुस्त करतो, तसाच हा प्रकार. या खाचेत कधीकधी बरोबर बसलेली अक्षरेही कापली जातात. पेशीला तेवढी नासाडी परवडते. एवढ्या एका सोयीने चुका सुमारे शंभर पटींनी घटतात. एक लाख वीस हजारांच्या बाराशे होतात.

ही कापणारी खाच जन्मतःच बिघडलेली असलेली काही घराणी आहेत. त्यांच्यात आतड्यात कोंब आणि कर्करोग लवकर होतात, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले. पण ही घराणी थोडी आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल आज अधिक लिहीत नाही.

उरलेल्या बाराशे चुकांत काही अशा असतात की त्या पहिल्या कारकुनाला दिसूच शकत नाहीत, मग तो कितीही दक्ष असो. तो फक्त टोकाचे अक्षर चाचपतो, मागे वळून पाहत नाही. आता अशी जागा डोळ्यासमोर आणा, जेथे एकच अक्षर ओळीने दहा वेळा आले आहे: ए ए ए ए ए ए ए ए ए ए. अशी ओळ उतरवताना माणसाचेही होते, नऊच लिहिले जातात किंवा अकरा होतात. डीएनएत जुना आणि नवा धागा अशा जागी एकमेकांवरून एक घर घसरतात. एका धाग्यातले एक अक्षर जोडीशिवाय बाहेर फुगून राहते, शिवणीत कापडाची बारीक चुणी पडावी तसे. पण त्या चुणीच्या पुढची अक्षरे जोडीने नीट बसलेली असतात, कारण सगळीकडे तेच अक्षर आहे. टोक घट्ट आहे म्हटल्यावर नक्कलनवीस समाधानाने पुढे निघून जातो. चूक मात्र मागे राहिली.

येथे दुसरा कारकून लागतो, रुजवात घेणारा. त्याला मी अधिक हुशार समजतो, कारण त्याच्यापुढचा पेच अवघड आहे.

हे काम चार प्रथिनांच्या दोन जोड्या करतात. त्यांची नावे रुक्ष आहेत, पण तपासणीच्या कागदावर तीच छापून येतात म्हणून एकदा देऊन ठेवतो. पहिली जोडी एमएसएच२ आणि एमएसएच६ यांची. दुसरी एमएलएच१ आणि पीएमएस२ यांची. पहिली जोडी नव्याने तयार झालेल्या डीएनएला कडीसारखी वेढून चाचपत जाते. बरोबर जोड्यांचा डीएनए ताठ असतो. जेथे जोडी चुकली आहे किंवा चुणी पडली आहे तेथे तो सहज वाकतो. कडी तेथे अडते, आपला आकार बदलते आणि दुसऱ्या जोडीला बोलावून घेते.

चूक सापडली. आता पेच असा, की दुरुस्त कोणते अक्षर करायचे? एका धाग्यावर जी आहे, समोर टी आहे. मूळ जी असेल तर टी काढून सी बसवायला हवा. मूळ टी असेल तर जी काढून ए बसवायला हवा. नुसत्या जोडीकडे पाहून हे कळत नाही. उलटी दुरुस्ती झाली तर चूक जाण्याऐवजी कायमची पक्की होईल. कचेरीत हा प्रश्न येत नाही, कारण मूळ कागद पिवळा पडलेला असतो आणि त्यावर शिक्का असतो.

जिवाणूंत अगदी असाच शिक्का सापडला. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएत जीएटीसी ही अक्षरे जेथे ओळीने येतात, तेथल्या ए वर मिथाइल नावाची एक छोटी रासायनिक खूण चिकटवलेली असते. नवा धागा रचल्यावर त्याच्यावर ही खूण लागायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात रुजवात घेणाऱ्याला शिक्का असलेला धागा म्हणजे मूळ आणि बिनशिक्क्याचा म्हणजे नवा, हे ओळखता येते. बिनशिक्क्याचा धागा कापला जातो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील पॉल मॉड्रिच यांनी १९८९ साली ही सगळी प्रथिने वेगवेगळी शुद्ध करून परीक्षानळीत एकत्र आणली आणि चुकीची जोडी दुरुस्त करून दाखवली. २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना डीएनए दुरुस्तीवर काम करणाऱ्या आणखी दोघांबरोबर मिळाले ते याच कामासाठी.

माणसाच्या पेशीत हा शिक्का नाही. तेथे खूण वेगळी आहे. नवा धागा रचला जाताना त्याचे सांधे अजून उघडे असतात. त्यातील एक बाजू तर मुळात शे-दोनशे अक्षरांच्या तुकड्यांनीच तयार होते आणि तुकडे नंतर सांधले जातात. शिवाय नक्कलनविसाला धाग्यावर धरून ठेवणारी एक कडी काही काळ तेथेच राहते आणि तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावरून नवी बाजू कळते. थोडक्यात, शाई ओली आहे तो कागद नवा. मग पीएमएस२ नव्या धाग्याला चीर देते, दुसरे एक विकर तेथून चुकीच्या अक्षराच्या पलीकडेपर्यंत धागा खात जाते आणि रिकामी जागा पुन्हा भरली जाते. एका अक्षरासाठी शेकडो अक्षरे खोडून पुन्हा लिहिली जातात. यामुळे बाराशेतल्या जवळजवळ सगळ्या चुका निघून जातात आणि एखाद-दुसरी उरते. मी दिलेले सगळे आकडे ढोबळ आहेत, जागेनुसार ते बरेच बदलतात, पण प्रमाण हे असे आहे.

ही दुरुस्ती वेळेतच व्हावी लागते. पुढच्या विभाजनापर्यंत चूक राहिली, तर चुकीचे अक्षर असलेला धागा आता स्वतःच 'मूळ' बनतो आणि त्याच्यासमोर नियमाप्रमाणे बरोबर जोडी बसते. जोडी जुळली, मग कोणत्याही रुजवातीत वावगे काही दिसत नाही. चूक त्या पेशीच्या वंशात कायमची रुजली.

आता त्या पत्राकडे वळायचे तर आधी थोडे अमेरिकेत जावे लागेल. १८९५ साली मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथे आल्ड्रेड वॉर्थिन नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या ओळखीच्या, शिवणकाम करणाऱ्या एका तरुणीने त्यांना सांगितले, की माझ्या घराण्यात आतड्याच्या किंवा बायकांच्या अवयवांच्या कर्करोगाने माणसे जातात, मीही तशीच जाणार. वॉर्थिन यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. त्यांनी त्या घराण्याची माहिती गोळा केली आणि १९१३ साली ती प्रसिद्ध केली. ती बाई पुढे खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने वारली. पण 'कर्करोग आणि घराणे' ही कल्पना तेव्हा वैद्यकाला फारशी पटली नाही. १९६० च्या दशकात नेब्रास्का राज्यातील हेन्री लिंच यांनी अशाच घराण्यांचा पाठपुरावा सुरू केला, आणि आज या विकाराला लिंच सिंड्रोम हेच नाव आहे.

कारण कळायला १९९३ साल उजाडले. या रुग्णांच्या आतड्यातील गाठींत, एकच अक्षर किंवा अक्षरांची छोटी जोडी पुन्हा पुन्हा येते अशा जागांची लांबी बदललेली दिसली. कुठे दोन अक्षरे कमी, कुठे एक जास्त, आणि तेही हजारो ठिकाणी. पाव फुगवायला वापरतात त्या यीस्टवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना हे चित्र ओळखीचे होते. यीस्टमध्ये रुजवात घेणारी प्रथिने बिघडवली की असेच होते, हे त्यांनी पाहिले होते. मग माणसातील तीच जनुके शोधली गेली. १९९३ अखेर एमएसएच२ हाती लागले, १९९४ मध्ये एमएलएच१. वॉर्थिन यांच्या त्या शिवणकामवाल्या बाईच्या घराण्यातील दोष एमएसएच२ मध्येच आहे, हे २००० साली सिद्ध झाले. तिने बोलून दाखवल्यापासून त्याला १०५ वर्षे झाली होती.

आता हे घराण्यात उतरते कसे ते पाहा. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. लिंच घराण्यातील माणसाला एक बिघडलेली प्रत मिळालेली असते. दुसरी चांगली असते आणि तेवढी पुरते. म्हणून मूल जन्मतः पूर्ण निरोगी असते. पण आतड्याच्या अस्तरातील कोट्यवधी पेशींपैकी एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही कधीतरी बिघडते. त्या एका पेशीचा आणि तिच्या वंशजांचा रुजवात घेणारा कारकून त्या दिवसापासून रजेवर जातो. नक्कल चालूच राहते, पण आता एखाद-दुसरीऐवजी शेकडो चुका प्रत्येक विभाजनात उरतात.

या चुका सगळीकडे पडतात, पण कर्करोग होण्यासाठी त्यातली एखादी मोक्याच्या जागी पडावी लागते. त्याचे एक उदाहरण देतो. आतड्याच्या पेशीच्या बाहेरच्या बाजूस एक ग्राहक प्रथिन असते. शेजारून येणारा 'आता वाढ थांबव' हा निरोप ते घेते. त्याच्या जनुकात एका ठिकाणी ए हे अक्षर ओळीने दहा वेळा येते, वर सांगितले अगदी तसे. रुजवात बंद पडलेल्या पेशीत येथे दहाचे नऊ होतात. एका अक्षराने काय बिघडते? जनुकातील मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचला जातो. 'मदन गवत उचल' यातील द गाळा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे घेऊन वाचा: 'मनग वतउ चल'. तेथून पुढचा सगळा मजकूर निरर्थक. ग्राहक प्रथिन अर्धवट तयार होते, निरोप घेणारे कोणी राहत नाही आणि पेशी वाढतच जाते. अशा प्रकारच्या आतड्याच्या गाठींत बहुतेक वेळा हीच जागा मोडलेली आढळते.

म्हणूनच या घराण्यांत सगळे भराभर घडते. एरवी आतड्यातील साध्या कोंबाचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागतात. येथे एक ते तीन वर्षांतही होतो. मुलाला किंवा मुलीला दोष उतरण्याची शक्यता निम्मी. तो मुलींना जातो आणि मुलांना जात नाही किंवा पिढी सोडून येतो, हे समज खरे नाहीत. दोष उतरला म्हणजे कर्करोग झालाच असेही नाही. एमएलएच१ किंवा एमएसएच२ चा दोष असलेल्यांत आयुष्यभरात आतड्याचा कर्करोग होण्याचा धोका निम्म्याच्या आसपास असतो. पीएमएस२ च्या दोषात तो बराच कमी असतो. स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा धोकाही मोठा असतो, आणि तो पुष्कळदा विसरला जातो.

आपले घराणे यात बसते का, हे पाहण्याची एक जुनी फूटपट्टी अ‍ॅमस्टरडॅम येथे तज्ज्ञांनी १९९० साली ठरवली आणि १९९९ साली सुधारली. आतड्याचा, गर्भाशयाच्या अस्तराचा, लहान आतड्याचा किंवा मूत्रमार्गाच्या वरच्या भागाचा कर्करोग झालेले तीन नातेवाईक हवेत, त्यातील एकजण बाकीच्या दोघांचा सख्खा, म्हणजे आईवडील, भावंड किंवा अपत्य हवा. ते दोन पिढ्यांतले हवेत, आणि निदान एकाला तरी पन्नाशीपूर्वी झालेला हवा. पत्रलेखकांचे वडील आत्याचे सख्खे भाऊ आणि थोरल्याचे वडील. पिढ्या दोन. पन्नाशीपूर्वी दोघे. मोजमाप पुरे बसते, तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाची तपासणी झालीच पाहिजे. मात्र उलट अर्थ काढू नये. लहान कुटुंब असेल, किंवा आजी-आजोबा कशाने गेले हे कोणालाच माहीत नसेल, तर लिंच घराणेही या फूटपट्टीत बसत नाही. आपल्याकडे 'पोटात गाठ झाली आणि गेले' एवढीच नोंद घरोघर असते, ही मोठी अडचण आहे.

म्हणून आता आतड्याच्या प्रत्येक कर्करोगाच्या गाठीवर तपासणी करावी असे मानले जाते. शस्त्रक्रियेत किंवा दुर्बिणीतून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. त्याची पातळ चकती कापून वर सांगितलेल्या चार प्रथिनांसाठी ती वेगवेगळी रंगवतात. प्रथिन हजर असेल तर पेशींची केंद्रके तपकिरी होतात. गाठीतील केंद्रके रंगली नाहीत आणि शेजारच्या निरोगी पेशींची रंगली, तर तो कारकून गाठीत गैरहजर आहे असे समजायचे. प्रथिने जोडीने राहतात, त्यामुळे एमएसएच२ बिघडले की एमएसएच६ ही दिसेनासे होते. दुसरी पद्धत म्हणजे त्या एकसारख्या अक्षरांच्या ओळी मोजण्याची. ए ओळीने २६ वेळा येणारी एक जागा यासाठी नेहमी वापरतात. निरोगी पेशीत लांबी एक आणि गाठीत त्याहून आखूड निघाली, तर नक्कल ताडून पाहणे बंद पडले आहे हे उघड होते.

येथे एक गफलत होऊ शकते. आतड्याच्या सुमारे १५ टक्के कर्करोगांत ही रुजवात बंद पडलेली सापडते, पण लिंच सिंड्रोम असतो तो साऱ्या मिळून तीनेक टक्क्यांतच. बाकीच्यांत, विशेषतः उतारवयातील रुग्णांत, एमएलएच१ जनुक शाबूत असूनही त्याच्यावर रासायनिक खुणा पडून ते गाठीपुरते बंद झालेले असते. तो दोष मुलाबाळांत जात नाही. तेव्हा एमएलएच१ गैरहजर असा कागद हातात पडला की घरभर घबराट करू नये. पुढची तपासणी करून हा फरक ठरवता येतो. त्यानंतर रक्ताची जनुकतपासणी.

दोष नक्की झाल्यावर करण्यासारखे पुष्कळ आहे. सर्वांत खात्रीचे म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी. एमएलएच१ आणि एमएसएच२ च्या दोषात ती पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी, इतर दोन दोषांत पस्तिशीपासून करण्याची पद्धत आहे. दहा वर्षांनी एकदा हा सर्वसाधारण हिशेब येथे चालत नाही, कारण कोंब तेवढे थांबत नाही. फिनलंडमध्ये अशा घराण्यांतील २५२ जणांना १५ वर्षे पाहिले गेले. दर तीन वर्षांनी तपासणी करून घेणाऱ्यांत आतड्याचा कर्करोग ६२ टक्क्यांनी कमी झाला. तपासणी करणाऱ्यांत या रोगाने कोणी दगावले नाही, न करणाऱ्यांत नऊजण दगावले. स्त्रियांनी अवेळी रक्तस्राव किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे हे कधीही अंगावर काढू नये. मुले झाल्यावर गर्भाशय काढून टाकण्याचा सल्लाही काहींना दिला जातो.

अ‍ॅस्पिरिनबद्दल हमखास विचारतात. इंग्लंडमधून चालवलेल्या एका मोठ्या प्रयोगात लिंच सिंड्रोम असलेल्या ८६१ जणांपैकी अर्ध्यांना रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि अर्ध्यांना नकली गोळी दिली गेली. त्याचा दहा वर्षांचा निष्कर्ष २०२० साली आला. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत ९ टक्क्यांना, न घेणाऱ्यांत १३ टक्क्यांना आतड्याचा कर्करोग झाला. फरक खरा आहे, पण हा डोस जठरात रक्तस्राव करू शकतो. दोष सिद्ध झाल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी ही गोळी सुरू करू नये.

आणि या चुकांचीच एक उलट बाजू आहे, जी मला फार विलक्षण वाटते. रुजवात बंद पडलेल्या गाठीत इतकी विचित्र प्रथिने तयार होतात की शरीराच्या संरक्षक पेशींना ती परकी वाटतात. कर्करोग त्या पेशींना लगाम घालून ठेवतो. तो लगाम सोडवणारी औषधे आता आली आहेत. पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २०१७ साली, गाठ कोणत्या अवयवात आहे याऐवजी रुजवात बंद आहे का एवढे पाहून मान्यता मिळाली. २०२२ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी गुदाशयाचा असाच कर्करोग असलेल्या पहिल्या १२ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांना याच जातीचे डोस्टारलिमॅब सहा महिने दिले होते आणि बाराही जणांची गाठ तपासणीत पूर्ण नाहीशी झाली. शस्त्रक्रिया नाही, किरणोपचार नाही. सर्वसाधारण आतड्याच्या कर्करोगात, जेथे रुजवात चालू आहे, ही औषधे सहसा उपयोगी पडत नाहीत. औषध फार महाग आहे, म्हणून ते कोणाला लागू पडेल हे चार प्रथिनांच्या तपासणीने आधी ठरवणे अधिकच जरुरीचे.

जनुकतपासणी सुरू करताना रक्त आधी कोणाचे द्यायचे, याचा एक क्रम आहे. ज्याला कर्करोग झाला आहे त्याचे आधी. त्याच्यात नेमके कोणते अक्षर चुकले आहे ते सापडले की मग बाकीच्यांत फक्त तेवढी एकच जागा पाहायची असते, तो खर्चही कमी येतो. निरोगी भावाने आधी तपासून घेतले आणि काही निघाले नाही, तर त्यातून ठाम काहीच कळत नाही. कुटुंबातील दोष माहीत असताना मात्र ज्याच्यात तो निघाला नाही, त्याचा धोका चारचौघांइतकाच, आणि त्याच्या मुलांनाही दर वर्षी दुर्बिणीखाली जाण्याची गरज नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या मोठ्या कर्करोग केंद्रांत अशा कुटुंबांना बसवून सल्ला दिला जातो. तेथे जाताना रुग्णाचा तुकडातपासणीचा जुना अहवाल न्यावा, आणि मेणाचा ठोकळा ज्या प्रयोगशाळेत आहे तिच्याकडे तो मागून घ्यावा. जुन्या ठोकळ्यावरही ही रंगतपासणी होते, त्यामुळे रुग्ण हयात नसला तरी तो उपयोगी पडू शकतो.